भांडणानंतरचे सत्कार

५ जानेवारी, रविवार

ही डायरी मला भांडणाबद्दल मिळाली. जाड पुठ्ठा, वर सोनेरी मोर आणि एवढंसं कुलूप. कुलपाची किल्ली आमच्या लेकीनं, संस्कृतीनं, तासाभरात हरवली. सोबत गजरा, अर्धा किलो काजूकतली आणि हिमरूची शाल. भांडण परवाचं, वस्तू कालच्या. प्रणय या बाबतीत कधी उशीर करत नाही.

भांडणाचं कारण लिहून ठेवते, कारण बोलून ते पूर्ण झालेलं नाही. मी अडखळत बोलते. लहानपणापासून. सगळ्यात जास्त अडते ती 'प्र'वर, आणि लग्न झालं ते प्रणयशी. नऊ वर्षांपूर्वी मांडवात बायका म्हणाल्या, नाव घे. उखाणा मी चार दिवस पाठ केला होता. पहिली ओळ सुरळीत गेली. दुसऱ्या ओळीत नावाशी येऊन जी थांबले ती थांबलेच.

प्रणय एका शाळेत क्लार्क आहे, पण उस्मानपुऱ्यात त्याला सगळे सूत्रसंचालक म्हणून ओळखतात. लग्न, नामकरण, सेवापूर्ती, काहीही असो, माईक त्याच्याकडं. पाहुणे यायला उशीर झाला, सभा पेंगायला लागली की त्याच्याकडं एक हमखास किस्सा आहे. "आमच्या हिला नाव घे म्हणाले. ही सुरू झाली, प्र-प्र-प्र-प्र. मागच्या लोकांना वाटलं, कुणीतरी स्कूटर चालू करतंय. एक पाव्हणा तर किक मारायला उठला!" मग तो पायानं किक मारून दाखवतो. लोक लोळतात.

परवा सावित्रीबाई जयंतीला कॉलनीतल्या महिलांच्या सन्मानाच्या कार्यक्रमात त्यानं हा किस्सा सांगितला. मी दुसऱ्या रांगेत होते. प्रमुख पाहुण्या अर्धा तास उशिरा आल्या, त्याला तो तरी काय करणार.

घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, तो कि… कि…"

"किस्सा," तो म्हणाला. "बरं, नाही सांगत. झालं?"

"मला त्या… त्याचं…"

"वाईट वाटतं. माहीत आहे गं मला. सॉरी. संपलं."

मला वेगळंच म्हणायचं होतं. मग आवाज चढले, ताट आपटलं (त्यानं), दार आपटलं (मी). काल संध्याकाळी डबे आले. माझं वाक्य अजून तिथंच आहे.

कागदावर मी अडत नाही. प्रणय. प्रणय. प्रणय. बघा.

७ जानेवारी, मंगळवार

शाल कंपनीत घालून गेले. शेंद्र्याच्या बसला सकाळी गारठा असतो. शेजारी बसणारी मोनाली शाल चाचपून म्हणाली, "ताई, किती जीव लावतात हो भाऊजी!" मी मान हलवली. मान कधी अडत नाही.

आमच्या विभागाचं काम सोपं आहे. बाहेरून आलेला माल मोजायचा. बरोबर असेल तर हिरवा टॅग, चुकला असेल तर लाल, निर्णय झाला नसेल तर पिवळा. पिवळा टॅग लागला की तो माल कुणीही वापरायचा नाही. या कामात बोलावं लागत नाही, म्हणून मी दहा वर्षं टिकले.

आज वाळूजच्या पुरवठादाराचा माणूस आला. त्यांच्या बुशांची, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्यांची, भोकं तिसऱ्यांदा मोठी निघाली. येताना त्यानं विभागाला मिठाईचा खोका आणि भिंतीवरचं घड्याळ आणलं, शिवाय एक कागद. कागदावर 'कारण' या रकान्यात लिहिलं होतं: 'कामगाराला समज दिली. यापुढे काळजी घेऊ.'

आमच्या विभागाच्या राजकुमार साहेबांनी कागद परत सरकवला. "हे कारण नाही हो, हे सांत्वन आहे. भोक मोठं का पडलं? मशीन का सरकली? ती सरकली हे तुमच्या लक्षात का नाही आलं? ते लिहा. आणि ओळीनं तीन लॉट नीट आल्याशिवाय तक्रार बंद होणार नाही. घड्याळ घेऊन जा."

मिठाई मात्र ठेवली. पेढे बरे होते. लोक किती निर्लज्ज असतात, खोका आणला की भोक लहान होतं असं त्यांना वाटतं.

१९ जानेवारी, रविवार

आज माझा सत्कार झाला. घरीच.

काल एका नामकरणात प्रणयनं पुन्हा किस्सा सांगितला. "छोटा करून सांगितला गं, किक काढून टाकली," असं त्याचं म्हणणं. रात्रभर मी भिंतीकडं तोंड करून झोपले. सकाळी अकराला तो बाहेर गेला आणि एक वाजता खोलीभर सामान घेऊन आला. गुलदस्ता, पाय दाबायचं मशीन, सेमी पैठणी आणि एक स्मृतिचिन्ह. काचेचं, मध्ये दिवा लागणारं. त्यावर कोरलंय: 'आदर्श पत्नी, सौ. करुणा'. मोमेंटोवाले त्याच्या ओळखीचे, तासात करून देतात.

सासूबाईंना सोफ्यावर बसवलं, संस्कृतीला फोटो काढायला सांगितलं, आणि तो सुरू झाला. "ज्यांच्या संयमाला सीमा नाही, अशा माझ्या सहचारिणीचा…" खरंच छान बोलला. आधीचीच शाल पुन्हा माझ्यावर पांघरली. फोटो लगेच 'आपले कुटुंब' ग्रुपवर. सत्तेचाळीस जणांनी अंगठे, फुलं, टाळ्या पाठवल्या. माझ्या मावशीनं लिहिलं, नशीब काढलंस पोरी.

सत्काराची एक अडचण असते. सत्कार झाला की सत्कारमूर्तीनं दोन शब्द आभाराचे बोलायचे असतात. तिथं कुणी तक्रार करत नाही. मी ग्रुपवर 'धन्यवाद' लिहिलं. जोडाक्षर असूनही अडलं नाही, टाइप केलं ना.

सासूबाई (भामाबाई, वय सत्तर, गाव खुलताबादच्या पलीकडचं) म्हणाल्या, "आमच्या येळंला भांडण रोज व्हायाचं, पण संस्कृतीच्या आज्यानं कधी साधी बांगडी आणली नाय. तुझं बरं हाय. भांडत जा."

मला वाटतं, प्रणय मनापासून सुधारतोय. किक काढून टाकली, हे काही कमी नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

शाळेतून फोन. संस्कृतीनं शेजारच्या मुलाला चिमटा काढला आणि लगेच आपलं नवं रबर देऊन टाकलं. बाईंनी विचारलं, सॉरी म्हणालीस का? तर म्हणाली, "रबर दिलं ना, मग झालं." बाईंना काळजी वाटतेय. मला कौतुक वाटलं. दुसरं कुणाचं पोर स्वतःचं नवं रबर देईल?

३० जानेवारी, गुरुवार

धम्मपालचं, माझ्या धाकट्या भावाचं, लग्न ठरलं. दोन मार्च, रविवार. मुलगी अमृता, जालन्याची, नर्स. सूत्रसंचालन अर्थातच प्रणय. भाऊ म्हणाला, "ताई, दाजींना सांग, तो स्कूटरचा—"

मीच म्हटलं, "नाहीत सांगणार." दोन शब्द, एका दमात.

माझ्या माहेरच्या चारशे माणसांसमोर, माझ्या आईसमोर तो किस्सा नको. आईनं मला दर रविवारी बुद्धविहारात नेलं ते एवढ्यासाठी, की सगळ्यांबरोबर वंदना म्हणताना मी अडत नाही. तिला वाटायचं, तिथून बाहेर आल्यावरही तसंच होईल.

प्रणयला म्हटलं, "ध… धम्मपालच्या लग्नात…"

"किस्सा नाही. शब्द. अगं, तुझं माहेर आहे ते!" आणि खिशातून मेंदीचा कोन काढला. आजच आणला होता. लग्नाला महिना आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज आश्चर्य झालं. भांडण नसताना भेट!

काल प्रणय खुलताबादला एका गुरुजींच्या सेवापूर्तीचं निवेदन करायला गेला होता. मी गेले नव्हते. आज शाळा सुटल्यावर सराफ्यात जाऊन माझ्यासाठी झुमके घेऊन आला. सोन्याचे. सोबत इमरती. मी विचारलं, "कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणजे? बायकोला द्यायला कारण लागतं का?"

रात्री भांडी त्यानं घासली. कढईची मागची बाजूसुद्धा. आजवर भेट भांडणानंतर यायची, आता आधीच येते. यालाच सुधारणा म्हणत असतील. भांडणाचं मूळच संपलं की उरतं ते निव्वळ प्रेम. हे वाक्य मला चांगलं जमलंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सगळं जगच माझ्याशी चांगलं वागतंय. बसमध्ये मी चढले की पॅकिंगच्या पोरी मोबाईल पालथा ठेवतात आणि मला खिडकीची जागा देतात. राजकुमार साहेब चक्क म्हणाले, "करुणाताई, तुम्ही लई धीराच्या आहात." कशाबद्दल ते बोलले नाहीत. बहुतेक बुशांबद्दल.

गेटवरच्या कडुबामामांनी हसून विचारलं, "ताई, आज स्कूटर कुठं लावली?" मी बसनं येते हे त्यांना दहा वर्षांत समजलेलं नाही. वय झालं.

घरी आले तर प्रणयनं संस्कृतीचा अभ्यास घेतला होता आणि माझ्या चपलांना पॉलिश केलं होतं. चपला रबरी आहेत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज काही नाही. व्हॅलेंटाईनला भेट देणं प्रणयला बाजारू वाटतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

वाईट दिवस. मोनालीनं मोजलेला लॉट पुढं जाऊन अडकला. मी तिला सगळ्या लाइनसमोर झापलं. "डोकं घरी ठेवून येतेस का? फोन बघण्यातून वेळ मिळाला तर गेज बघ!" रागात मी अडत नाही, ही आमच्यासारख्यांची एक गंमतच आहे. बारा जणांनी ऐकलं. मोनाली लाल झाली.

दुपारी कपाट उघडलं तेव्हा कळलं. तिला भोक मोजायचा गेज मीच दिला होता, आणि तो तपासणीची तारीख उलटून गेलेला जुना गेज होता. चूक माझी.

घरी आल्या आल्या धपाट्यांचं पीठ मळायला घेतलं. बिचारीला धपाटे आवडतात. दही, शेंगदाण्याची चटणी, वर लोण्याचा गोळा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी बसमध्ये मोनालीला डबा दिला. उघडून तिनं वास घेतला आणि झाकण लावून माझ्या मांडीवर परत ठेवला.

"ताई, धपाटे लई भारी दिसतात. पण नको."

"अगं खा. का… काल मी जरा…"

ती थांबली. माझं पूर्ण होईपर्यंत ती नेहमी थांबते, हे माझ्या आज लक्षात आलं. पण माझं 'जरा'च्या पुढं जाईना, आणि या वेळी ते अडखळण्यामुळं नव्हतं.

मग तीच म्हणाली, "ओरडलात बारा जणांसमोर, अन् खाऊ घालताय एकटीला. मी खाल्लं की तुमचं पोट हलकं होणार. लाइनवर मात्र मी बिनडोक ती बिनडोकच. डबा नको ताई. काल काय झालं ते तिथंच सांगा."

चिकलठाण्याचा थांबा गेला तरी डबा माझ्या मांडीवरच होता. डबा गरम होता, मांडी भाजत होती.

सकाळच्या पाच मिनिटांच्या मीटिंगमध्ये मी हात वर केला. मी कधी करत नाही. म्हटलं, "काल मो… मोनालीला मी झापलं. गेज मी दिला होता. तो जु… जुना होता. चूक तिची नव्हती, माझी. आजपासून कपाटाची यादी मी रोज स… सकाळी बघणार." पाच वाक्यं, दीड मिनिट. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. राजकुमार साहेब म्हणाले, "बरं. पुढचा मुद्दा." काही मिळालं नाही, द्यावं लागलं फक्त. आणि मला जे देण्याचं सगळ्यात जिवावर आलं होतं, ते धपाट्यांत कुठंच नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मोनालीनं स्वतःहून डबा मागितला. चारही धपाटे संपवले. मग हात पुसून म्हणाली, "आता मलाबी एक सांगायचंय. आठ दिवस झाले, आम्ही सगळ्यांनी लपवलं." आणि मोबाईल पुढं केला.

खुलताबाद. नऊ फेब्रुवारी. गुरुजींची सेवापूर्ती. स्टेजवर प्रणय. किस्सा पूर्ण, किक दोनदा. नवीन भर: शेवटी तो म्हणतो, "अजून रोज सकाळी आमच्याकडं स्कूटर चालू होते, फक्त पेट्रोल माझं!" खाली आकडा: दोन लाख लोकांनी पाहिलंय.

नऊला किस्सा. दहाला झुमके.

मी कानाला हात लावला. घातले होते.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ

घरी येताना कंपनीतून पिवळ्या टॅगचा गठ्ठा आणला. झुमक्यांना एक, पैठणीला एक, पाय दाबायच्या मशीनला एक, आदर्श पत्नीला एक. शाल, डायरी, इमरतीचा रिकामा खोका. या डायरीच्या मोराच्या गळ्यातसुद्धा एक आहे. प्रणय आला तेव्हा हॉल आमच्या गोदामासारखा दिसत होता.

त्याच्या हातात पिशवी होती. त्यानं माझं तोंड बघितलं, टॅग बघितले आणि पिशवी पुढं केली. "आधी हे बघ—"

मी पिशवीलाही टॅग लावला. आत काय आहे, अजून माहीत नाही.

"तो व्हिडिओ मी टाकला नाही गं," तो म्हणाला. "कुणीतरी काढला."

"का… सांगितला?"

"गुरुजींची गाडी पंक्चर झाली. पाऊण तास. लोक उठायला लागले."

"मग का सांगितला?"

"सांगितलं ना, लोक—"

"लोक उठले तर का… काय होतं?"

तो बसला. राजकुमार साहेबांची पद्धत अशीच आहे. पहिलं कारण कधी घ्यायचं नाही, पुन्हा 'का' विचारायचं. माझ्याकडून तर एकेका 'का'ला इतका वेळ लागतो, की समोरच्याला नवीन सबब सुचून जुनी होते.

"सभा गप झाली ना करुणा, की मला दरदरून घाम येतो. जीव जातो माझा. बाकीचे विनोद कधी चालतात, कधी पडतात. हा कधी पडत नाही."

"आणि झु… झुमके?"

सासूबाईंनी आतून टीव्ही बंद केला, म्हणजे त्या ऐकत होत्या.

"येताना बसमध्ये तुझा चेहरा येत होता डोळ्यांपुढं. झुमके घेतले, अन् यायचा बंद झाला."

त्यानं हे फार सरळ सांगितलं. मला वाटतं, त्यालाही ते आत्ताच कळलं. झुमके माझ्या कानासाठी नव्हते, त्याच्या झोपेसाठी होते. आणि झोप नीट लागली की माणूस पुढच्या रविवारी ताजातवाना असतो.

"म्हणजे मी दिलेलं सगळं खोटं का?" त्यानं विचारलं.

टॅग पिवळा आहे. खोटं असतं तर लाल लावला असता.

२३ फेब्रुवारी, रविवार

चार दिवस प्रणय गोंधळलाय. भेट आणता येत नाही, तर हातांचं काय करायचं हे त्याला समजत नाही. काल संध्याकाळी येताना कोथिंबीर आणली आणि दारातच घाईघाईनं म्हणाला, "ही भेट नाही, आईनं सांगितलेली आहे."

आज त्यानं माफीचं भाषण लिहून आणलं. दीड पान. 'वाणीचा व्रण' वगैरे. वाचताना त्याचा आवाज दोनदा भरून आला, योग्य जागी. संपल्यावर सवयीनं तो टाळ्यांसाठी थांबला.

मी म्हटलं, "यात किस्सा कुठं आहे?"

"म्हणजे?"

"काय केलं, ते कु… कुठं आहे?"

त्यानं पान उलटून बघितलं. खरंच नव्हतं.

मग मी माझं ते वाक्य पूर्ण केलं. तीन जानेवारीपासून अडलेलं. त्याचे ओठ मध्येच तीनदा हलले, तीनदा त्यानं ते मिटले. वाक्य असं होतं: "मला वाईट वाटतं म्हणून नाही, ते माझं आहे म्हणून सांगू नका. आणि विचारल्याशिवाय कधीच नाही."

वाईट वाटतं, एवढंच त्याला नऊ वर्षं माहीत होतं. वाईट वाटण्यावर काजूकतली चालते. 'माझं आहे' यावर कुठलीच मिठाई चालत नाही.

"लग्नात दुसरा कुणी निवेदक बघू का?" त्यानं विचारलं.

मी मनातल्या मनात हो म्हटलं. तोंडानं म्हटलं, "नाही. माल आल्याशिवाय मो… मोजता येत नाही."

भीती वाटतेय. माझी आई पहिल्या रांगेत असणार.

२ मार्च, रविवार

लग्न लागलं. पाय ठणकतायत, पण लिहूनच झोपणार.

वंदना, त्रिशरण, पंचशील सगळं वेळेत झालं. मग बायकांनी अमृताला घेरलं, नाव घे, नाव घे. माईक तिच्यापुढं. पोरगी आयसीयूत काम करते, पण चारशे लोकांसमोर तिची वाचा गेली. दोन वेळा सुरू केलं, हसली, पदरात तोंड लपवलं. सभा गप्प. प्रणयच्या कपाळावर घाम मला सातव्या रांगेतून दिसला.

तेवढ्यात मागून आमच्या चंपाबाई आत्या ओरडल्या, "अहो जावईबापू, तवर तो स्कूटरचा होऊ द्या की!" पोरांनी शिट्ट्या मारल्या. एकानं किक मारून दाखवली. सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिलेला होता. माझी आई खाली बघून पदराचं टोक गुंडाळत होती.

प्रणयनं माईक घेतला. "तो किस्सा," म्हणाला आणि लोक आधीच हसले. "तो किस्सा मी चौदा कार्यक्रमांत सांगितला. करुणाला एकदाही विचारलं नाही. ती अडते त्याची मी नक्कल करतो, आणि तुम्ही हसता ते मला आवडतं म्हणून करतो." लोक आणखी हसले. त्यांना वाटलं, आता येतोय, आता येतोय. "हे चूक होतं. आता सांगणार नाही."

लोक वाट बघत होते. पुढं काही आलंच नाही. हसू हळूहळू विझलं, जशी पंगतीत पत्रावळ उडून जावी तशी सगळी तोंडं रिकामी झाली. एवढी गप सभा त्याच्या आयुष्यात झाली नसेल. शेवटी त्यानं खिशातून चिठ्ठी काढली आणि वाचलं, "गेटसमोर पांढरी गाडी लावलीय, ती कृपया काढावी." हे त्यानं तीनदा वाचलं. पांढऱ्या गाड्या सहा होत्या.

अमृतानं मग नाव घेतलं. सावकाश, तिच्या वेळात.

जेवताना चंपाबाई आत्या म्हणाल्या, "आज जावई काय रंगले नाय बया. तब्येत बरी नाय का त्येंची?" आईनं माझ्या ताटात आणखी एक जिलेबी वाढली. मग प्रणयच्या ताटातही वाढली.

रिक्षात तो एवढंच बोलला, "पडला कार्यक्रम."

"हो," मी म्हटलं.

लॉट एक, पास. दोन बाकी.

३ मार्च, सोमवार

संध्याकाळी प्रणय शाळेतून आला, चपला काढल्या, हातपाय धुतले आणि भाताला कुकर लावला. हात रिकामे. पिशवी नाही, खोका नाही, कोथिंबीरसुद्धा नाही. पुढच्या रविवारी पडेगावला सेवापूर्ती आहे, म्हणाला. मी विचारलं, पाहुणे वेळेवर येणारे आहेत का? तो म्हणाला, नसतात.

सासूबाई सोफ्यावरून त्याच्या हातांकडं बघत होत्या. त्यांचा जीव खालीवर होत होता. शेवटी राहवलं नाही.

"का रं, आज काईच नाय आणलं? काल लग्नात लई भांडला की काय?"

त्यानं माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "आई, आज प… प्र… प्र…"

कुकरची एक शिट्टी झाली. संस्कृतीनं तोंड उघडलं, प्रणयनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिनं मिटलं. दुसरी शिट्टी झाली. सासूबाईंनीसुद्धा धीर धरला, आणि त्या तर चहा गाळण्याइतकाही धीर धरत नाहीत. कुणीच माझ्याऐवजी ते म्हटलं नाही.

"प्रणयनं काहीच आणलं नाही," मी म्हटलं.